आजीच्या वहीतली उडदमेथी कडू का होते? (घरच्या पाककृतींचे पुस्तक करताना मापांचा घोळ)

फोंड्याची_मुक्ता

नमस्कार मंडळी. चतुर्थीला सगळे घरी जमतात, तोपर्यंत आजीच्या वहीचे छोटेसे पुस्तक करायचे असे आम्हा भावंडांत ठरले आहे. वही म्हणजे जुनी छापील डायरी, मुखपृष्ठावर १९६४ आहे. साधारण साठ पाककृती आहेत. मराठीत लिहिलेल्या, पण खोवलेल्या खोबऱ्याला सोय, तसेच रोस, तोंडाक, हुमण हे शब्द मध्ये मध्ये आपले कोंकणीच. कोपरे तेलकट झालेत आणि दोन पानांवर पावसाळ्यातली बुरशी आहे. फोटो काढून झाले. टंकलेखन मी करते आहे, धाकटा भाऊ मांडणी बघणार आहे.

अडचण अशी की टंकलेले करून बघावे म्हणून पहिली बांगड्यांची उडदमेथी केली, आणि ती कारल्यासारखी कडू झाली. दुसऱ्यांदा मेथी मंद आचेवर जपून तळली, तरी कडूच. वहीतला मजकूर जसाच्या तसा देते:

"बां. ६. सोय १ नारळ. मिरच्यो ८. उडीद १ च. मेथी ॥ च. धणे १॥ च. तांदूळ थोडे. चिंच लिंबायेवढी. बां. नसल्यास आमाडे."

मेथीपुढचे चिन्ह मी रोमन दोन समजले. आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यामुळे घरात रोमन आकडे चालत असतील असे वाटले. धण्यांपुढे एक आणि मग पूर्णविरामाच्या दोन रेघा असाव्यात. आजीचा हात चुकला, की काळानुसार चवी बदलल्या?

रगड्यावरचे_वाटप

मेथी जळते हो. उडीद गुलाबी होईपर्यंत मेथी काळी पडते, म्हणून दोन्ही एकत्र तेलात टाकायची नाहीत. आधी उडीद, आणि तो रंगायला लागला की मेथी. मेथी तांबूस दिसली की लगेच काढायची. काळी झाली की कडू होणारच, माप काहीही असो.

निवृत्त_मास्तर

मुक्ताबाई, आजीचा हात चुकलेला नाही, वाचन चुकले आहे. ते रोमन दोन नव्हे. आमच्या शाळेत अपूर्णांक असेच लिहीत: एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन रेघा म्हणजे पाऊण. पूर्णांकानंतर रेघा आल्या की त्यात मिळवायच्या. म्हणून "१॥" म्हणजे दीड, "२।" म्हणजे सव्वादोन आणि "३॥।" म्हणजे पावणेचार. आजीची मेथी अर्धा चमचा आहे आणि धणे दीड चमचा. तुम्ही मेथी चौपट घातलीत आणि धणे दोन तृतीयांश. मग कडू होईल नाहीतर काय?

सगळी वही एकदा फक्त या रेघांसाठी चाळा. पुस्तकात एकही उभी रेघ तशीच ठेवू नका. "अर्धा", "दीड", "पाऊण" असे अक्षरांत लिहा, नाहीतर तुमच्या नातवंडांचा घोळ तुमच्याहून मोठा होईल. आणि एक गोष्ट: वजनाच्या पुढे अशी रेघ दिसली तर ती शेराची आहे की चमच्याची हे आधी बघा. शेर, पावशेर, नवटाक यांची ग्रॅम वजने गावोगावी सारखी नव्हती, त्यामुळे ती आकडेमोडीने नव्हे तर पदार्थ करून पाहूनच ठरवावी लागतात.

फोंड्याची_मुक्ता

मास्तर!! आता बघते तर एका पानावर "गूळ ।॥ शेर" आहे. भावाने तो "१११ शेर" टंकला होता आणि आम्ही खूप हसलो होतो. आता हसू येत नाही. मागची बारा पाने पुन्हा तपासते.

पणजीचा_मोजमाप्या

आता गोळीबंद उपाय सांगतो. बाजारात २४० मिलीचा कप मिळतो. एक कप म्हणजे २४० ग्रॅम, अर्धा म्हणजे १२०, आणि चमचा ५ ग्रॅम. वाटी दिसली की कप लिहायचा, सगळे पुस्तक एका संध्याकाळी उरकते. मी आईच्या वहीचे असेच केले.

काणकोणची_शांतू

मिली आणि ग्रॅम हे फक्त पाण्यासाठी सारखे आहेत, दादा. मी बारा वर्षे खानावळ चालवली, तेव्हा पुरवठादाराला खोबरे वजनातच लिहून द्यायची. २४० मिलीचा कप सैल भरून किसलेले ओले खोबरे ऐंशी-नव्वद ग्रॅमच्या पुढे जात नाही. त्याच कपात तांदूळ दोनशेच्या जवळ बसतो. तुमच्या हिशेबाने खोबरे २४० ग्रॅम घातले तर हुमणाचा चटणीसारखा गोळा होईल.

आणि मुक्ता, "वाटी" म्हणजे कप हे आधी गृहीतच धरू नका. आजीची वाटी घरात असेल ना?

पणजीचा_मोजमाप्या

माझ्या आईच्या पुस्तकाबद्दल कोणी तक्रार केली नाही.

काणकोणची_शांतू

वरणभाताच्या पाककृती असतील.

फोंड्याची_मुक्ता

भांडू नका 🙂. वाटी आहे, पितळेची, कल्हई उडालेली. चमचाही आहे, लांब दांड्याचा. दोन्ही सध्या आत्याकडे म्हार्दोळला आहेत. मोजायचे कसे?

काणकोणची_शांतू

किचनचा साधा एक ग्रॅमचा वजनकाटा घ्या. वाटी रिकामी ठेवून काटा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, आणि दिसेल तेवढे ग्रॅम म्हणजे तेवढे मिली. चमच्याचे मात्र एकदा मोजून चालत नाही, कारण एका ग्रॅमच्या काट्यावर पाच-सात ग्रॅमचे माप डळमळते. दहा चमचे पाणी एका भांड्यात मोजा आणि दहाने भागा. हाच उपाय चिमटीचा: दहा चिमट्या मेथी कागदावर टाका, वजन करा, भागा.

नंतर आत्याला स्वयंपाक करायला लावा. प्रमाण विचारू नका. विचारले की ती "थोडेसे" म्हणणार, त्यातून काही हाती लागत नाही. मेथीचा डबा करायच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवा, जी घट दिसेल ती आत्याची मेथी. तेलाची बाटली, मिठाचे सट, सोयीचे ताट, सगळ्याला हेच. हाताला अडवायचे नाही, भांडी मोजायची.

मडगावचो_नुस्तेकार

उडदमेथी बांगड्याची? आमच्या घरी ती आंबट आमाड्यांचीच. श्रावणात नुस्तें बंद, म्हणून. बांगड्याला हुमण करतात, त्यात तिरफळां. मुक्ता, तुम्ही दोन पाककृती एकत्र टंकल्या असणार. मूळ पान तपासा.

फोंड्याची_मुक्ता

पान एकच आहे दादा, आणि "बां. नसल्यास आमाडे" असे शेवटी आजीच लिहिते. पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हाचा पर्याय असावा. दोन्ही प्रकार एकाच पाककृतीत लिहिणार आहे.

मडगावचो_नुस्तेकार

बरें. पण आमाडे पावसाळ्यात, चतुर्थीच्या आसपास चांगले मिळतात. पुस्तकात तेही लिहा, नाहीतर कोणीतरी जानेवारीत बाजार पालथा घालील.

दोडामार्गची_सून

माझेही असेच आहे, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंची धोणसची पाककृती आहे आणि त्यात लिहिले आहे "दोन आण्यांची वेलची". आता दोन आण्यांत काय येत होते ते कोणाला माहीत? मी अंदाजे दहा घातल्या. कोणी बरोबर सांगेल का?

निवृत्त_मास्तर

पैशांत लिहिलेले माप उलगडायला त्या वर्षीची किंमत लागते आणि तो मजकूर कधी लिहिला हेही लागते. दोन्ही नसतील तर खरे उत्तर नाही. दहा घालून चव जमत असेल तर "दोन आण्यांची (सध्या दहा)" असे लिहा, आणि "सध्या" हा शब्द काढू नका. एक मात्र तपासा: तुमच्या सासूबाईंचे माहेर गोव्यात असेल तर आण्याऐवजी तांगा लिहिलेला असू शकतो. पोर्तुगीज काळात गोव्यात रुपियाचे सोळा तांगे असत आणि घरोघरी शब्द मिसळत. अक्षर नीट बघा.

फोंड्याची_मुक्ता

रविवारी आत्याकडे जाऊन आले. सगळे लिहिते, लांबण लागली तर माफ करा.

वाटी १६५ मिलीची निघाली, म्हणजे कपाच्या जवळपास दोन तृतीयांश. चमच्याने दहा वेळा पाणी काढले, ६८ ग्रॅम भरले, म्हणजे एक चमचा ६.८ मिली. बाजारातला पाच मिलीचा चमचा यापेक्षा बराच लहान. आजीच्या चमच्याने पातळीत भरून मेथी दहा वेळा मोजली तर ५१ ग्रॅम भरली, म्हणजे एकेक चमचा पाच ग्रॅमच्या किंचित वर. अर्धा चमचा म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. मी वाचले तसे दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅमच्या वर.

मग आत्याला मुद्दाम काही न सांगता करायला लावले. ती चमचा वापरतच नाही, तळहातावर ओतते आणि बोटाने थोडी सरकवते. एकदाच मोजून भरवसा वाटला नाही म्हणून दहा वेळा हातावर घ्यायला लावली, तशी ती वैतागली, "आता मेथयांचो सोद घेता ही!" म्हणाली. दहा वेळांचे २३ ग्रॅम भरले. म्हणजे २.३, आणि वहीतले २.५. साठ वर्षांचे अंतर आणि जेमतेम चिमटीभर फरक!

सोयीत मात्र अडकले. वहीत "१ नारळ". बाजारातून तीन नारळ आणले, खोवून मोजले: १६५, २१० आणि २८० ग्रॅम. आत्याने त्यातला मधला उचलला आणि "हो बरो" म्हणाली. आजीच्या वेळी अंगणातल्या माडाचा नारळ असे. तो कसा होता ते आता सांगायला माड नाही, २००३ च्या वादळात पडला.

काणकोणची_शांतू

मस्त केलेस! सोयीला नुसता आकडा लिहू नकोस. "सोय २०० ग्रॅम (एका मध्यम नारळाची)" असे लिही. करणाऱ्याच्या हातात काटा नसला तर नारळ तरी असेल.

मिठाकडे बघितलेस का? आजीच्या वेळी आगराचे जाड मीठ असणार. त्याचा चमचा बारीक आयोडीन मिठापेक्षा हलका भरतो. जाड मिठाचे माप डोळे झाकून बारीक मिठाला लावले की पदार्थ खारट होतो आणि दोष आजीवर येतो. मीठ ग्रॅममध्येच लिही.

आणि मेथीसाठी एक ग्रॅमचा काटा थोडा जाड पडतो. दहाने भागण्याची सवय ठेव.

रगड्यावरचे_वाटप

माझे काय ते सांगा. तळण्याने काही फरक पडला की नाही?

फोंड्याची_मुक्ता

पडला, ताई. अडीच ग्रॅम मेथी घेऊन सोमवारी दोनदा केली. एकदा तुम्ही सांगितल्याप्रमाणे उडीद आधी, मेथी शेवटी आणि तांबूस होताच काढली: खमंग, कडवट धार पाठीमागे हलकी. दुसऱ्यांदा मुद्दाम काळसर केली: माप बरोबर असूनही घशाशी कडू. म्हणजे तुमचेही बरोबर होते आणि मास्तरांचेही. पहिल्या दोन वेळच्या गडबडीला मुख्य कारण मात्र माप होते.

पुस्तकात म्हणून मिनिटांऐवजी रंग लिहिते आहे: "उडीद बदामी झाला की मेथी टाकावी, मेथी पिवळ्याची तांबूस झाली की आच बंद." आमच्या शेगडीवर मेथीला अर्धे मिनिटही लागत नाही, पण दुसऱ्याची शेगडी आपल्यासारखी थोडीच असणार.

पणजीचा_मोजमाप्या

ठीक आहे, वाटीचे मी पुन्हा मोजतो. 😶 पण एक विचारतो, सगळ्या साठ पाककृती अशा मोजत बसणार? पुढच्या चतुर्थीला तरी होईल?

फोंड्याची_मुक्ता

साठांपैकी चौदा पाककृती आम्ही अजून करतो. तेवढ्याच मोजून घेणार. बाकीच्या वहीतल्या शब्दांत, वर एक खूण करून: "करून पाहिलेली नाही". मापे आकड्यांत बदलून छापणे म्हणजे त्या तपासल्या आहेत असे खोटे सांगण्यासारखे होईल.

आता मांडणी. भावाशी बोलून असा नमुना ठरवला आहे, बघा आणि खोड्या काढा. डावे पान आजीचे: मूळ पानाचा फोटो, खाली तिचाच मजकूर अक्षरशः, चुकांसकट. उजवे पान आपले:

> बांगड्यांची उडदमेथी (५-६ जणांना)
>
> बांगडे ६ मध्यम, साफ करून सुमारे ६०० ग्रॅम · सोय २०० ग्रॅम (एका मध्यम नारळाची) · सुक्या मिरच्या ८ · उडीद डाळ ७ ग्रॅम · मेथी २.५ ग्रॅम (५ मिलीच्या चमच्याने सपाट, जेमतेम पाऊण) · धणे ४ ग्रॅम · तांदूळ ५ ग्रॅम · हळद १ ग्रॅम · बिया काढलेली चिंच १५ ग्रॅम · खोबरेल २ चमचे · मीठ १० ग्रॅम
>
> बांगड्यांना मीठ-हळद लावून ठेवावी. तेलात उडीद बदामी, मग मेथी तांबूस होऊ द्यावी, काढून घ्यावी. त्याच तेलात धणे, तांदूळ आणि मिरच्या परतून घ्याव्या. सोय, मिरच्या, धणे, तांदूळ आणि चिंच एकत्र गुळगुळीत वाटावी. उडीद-मेथी शेवटी भरड वाटून घालावी. वाटप पातळ करून उकळी आणावी, मग बांगडे सोडावे, पुन्हा उकळी आल्यावर आच मंद करावी, बांगडे शिजले की उतरावे. एकदा हलवले की पुन्हा ढवळू नये, बांगडा फुटतो.
>
> बांगडे नसल्यास: आमाडे ८-१० ठेचून, चिंच वगळावी.

आमची शिस्त: आकडा नेहमी पदार्थानंतर. पुस्तकात कुठेही "चमचा" म्हटले की पाच मिलीचाच, आजीचा नव्हे. आजीचा चमचा फक्त डाव्या पानावर.

निवृत्त_मास्तर

छान. दोन टिप्पण्या. एक, "पाऊण" अक्षरांत लिहिलेत ते बरे केलेत, पण मग "२.५" कशाला? "अडीच" का नको?

दुसरी, डायरीवर १९६४ आहे म्हणून पाककृती १९६४ ची आहे असे लिहू नका. डायरी जुनी असताना पुढची दहा वर्षे भरली असेल.

फोंड्याची_मुक्ता

काट्यावर आकडेच दिसतात, म्हणून. वाचणारा काट्याशी ताडून बघणार. तरी विचार करते.

दुसऱ्यावरून आठवले. आत्या म्हणते, गोवा मुक्त झाला त्या दिवशी, १९ डिसेंबर १९६१ ला, घरात हीच उडदमेथी होती आणि बाबा रेडिओला चिकटलेले, कोणी जेवलेच नाही. मोठी काकी म्हणते, त्या दिवशी हुमण होते. वहीतून काहीच ठरत नाही, डायरी नंतरची. मी "आत्या सांगते" असे लिहिणार आणि खाली "काकीचे म्हणणे वेगळे" अशी एक ओळ. भाऊ म्हणतो, एकच लिही, गोंधळ होतो.

मडगावचो_नुस्तेकार

दोन्ही लिहा. काकी पुस्तक उघडून आधी तेच बघणार.

दोडामार्गची_सून

माझ्या सासूबाईंच्या धोणसची आठवण करून द्यायची होती. वही पाहिली. "दोन आण्यांची" नव्हे, "दोन तांग्यांची" आहे! माहेर पेडण्याचे. आता वेलची कमी पडली की जास्त तेच कळेना.

काणकोणची_शांतू

आधी जमत होती ना? दहाच ठेव. "तांग्यांची" हा शब्द मात्र पुस्तकात यायलाच हवा.

मुक्ता, छपाईबद्दल एक: स्पायरल बांधणी करा, पुस्तक ओट्यावर उघडे राहते, चिकटवलेली बांधणी दाबून धरावी लागते आणि महिन्याभरात पाने सुटतात. टंकलेखन युनिकोडमध्ये आहे ना? जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले दुसऱ्याच्या संगणकावर गचाळ अक्षरे होऊन उघडते.

फोंड्याची_मुक्ता

युनिकोड आहे, स्पायरलच करू.

अजून एक राहिले. उडदमेथीच्या त्याच पानावर, कडेला, वेगळ्या शाईत "ति. ५" असे लिहिलेले आता दिसले. फोटो उजेड तिरका धरून पुन्हा काढला तेव्हा कळले. अक्षर आजीचेच वाटते, पण थरथरते. तिरफळां पाच, की तिखट पाच चमचे? आत्या म्हणते तिरफळ उडदमेथीत जात नाही आणि पाच चमचे तिखट कोणी खाणार नाही. मग आजीने काय लिहून ठेवले?

मडगावचो_नुस्तेकार

मी म्हटलेंच होतें. तिरफळां.

निवृत्त_मास्तर

पाचाचा आकडा आहे की दोन रेघांची एखादी जोडी वाकडी झाली आहे? फोटो मोठा करून टाका.

फोंड्याची_मुक्ता

उद्या टाकते. आत्या पुन्हा बांगडे आणून ठेवते म्हणाली, पाच तिरफळं घालून एकदा करून बघू.